रात्रीच्या ताटात बारा ग्रॅम: किडनीच्या पेशंटसाठी प्रोटीन कसं मोजायचं

बाबांची किडनी निम्म्याहून कमी काम करते, पण डायलिसिस लागलेलं नाही. वजन ६० किलो. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर एकच आकडा लिहून दिला: दिवसाला प्रोटीन ४० ग्रॅम, त्यापुढे नाही. सीताबर्डीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि पहिले दोन महिने मी सगळं चुकीचं मोजलं. आकडेमोडीत काहीच चूक नव्हती, चूक सवयीची होती. माझा भाऊ जिमला जातो, त्याचं मोजणं मी पाहिलेलं. त्याला ठरलेला आकडा गाठायचा असतो, म्हणून चिमूटभर कूट, भाजीतलं बेसन, अर्धी वाटी दही असलं तो सोडून देतो. त्याने सोडलेलं वर राहतं, त्याला फायदाच होतो. बाबांच्या ताटात मात्र जे सोडलं तेच आकड्याच्या वर जातं.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच नियमावर उभी आहे. अंदाज करावा लागला तर प्रोटीन वरच्या बाजूला धरायचं आणि ताटात वाढायचं वजन खालच्या बाजूला. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१.७ ग्रॅम प्रोटीन असतं, आपण २२ धरायचं. ५९.५ ग्रॅम वरण वाढायचं असं उत्तर आलं तर ५९ वाढायचं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. हा लेख डायलिसिस सुरू नसलेल्या आणि डॉक्टरांनी प्रोटीनची मर्यादा लिहून दिलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. डायलिसिसवर उलट जास्त प्रोटीन लागतं, साधारण किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, तिथे हे ताट नुकसान करेल. लहान मुलं, गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन किंवा मोठा ताप झालेला माणूस, यांचं गणितही वेगळं. डायलिसिसपूर्वीच्या पेशंटला साधारणपणे किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅमच्या आसपास आकडा मिळतो, पण तो डॉक्टरांकडूनच यायला हवा. शेजारच्या काकांचा आकडा आपल्या बाबांना लावायचा नाही.

पायरी १: रात्रीचा वाटा सकाळीच बाजूला काढा

रात्रीचं जेवण दिवसात शेवटी येतं, म्हणून त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात-पोळी, संध्याकाळी चहा, आणि रात्री आठ वाजता लक्षात येतं की चार ग्रॅमच शिल्लक आहेत. मग एकतर माणूस उपाशी झोपतो, नाहीतर मर्यादा मोडते. आमच्याकडे दोन्ही झालं.

आता आम्ही उलटं करतो. ४० मधून रात्रीचे १२ आधीच काढून ठेवतो. उरलेल्या २८ पैकी नाश्ता आणि दूध-चहा मिळून १०, दुपारचं जेवण १५, आणि ३ ग्रॅम हाताशी. कोणाच्या घरी गेलं, कोणी काही हातावर ठेवलं, तर ते या तिनातून जातं. रात्रीच्या बारांना कोणी हात लावायचा नाही.

पायरी २: छोटा तक्ता, तोही वर ढकललेला

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचं मोठं पुस्तक काढलं. त्यातले आकडे मी वरच्या पूर्ण आकड्यावर नेऊन फ्रिजवर चिकटवलेत. शंभर ग्रॅम कच्च्या मालात प्रोटीन असं: तांदूळ ८, कणीक ११, ज्वारीचं पीठ १०, तूरडाळ २२, मूगडाळ २४, बेसन २२, शेंगदाणे २४, म्हशीचं दूध आणि त्याचं दही ४, दुधी १. वांगं २ धरते. साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा नसतो. आमच्या रोजच्या जेवणाला एवढं पुरतं. वेगळा पदार्थ आला की पुस्तक उघडायचं.

हे आकडे कच्च्या मालाचे आहेत, आणि नवखा माणूस नेमका इथेच घसरतो. तांदूळ शिजला की पाणी पितो, फुगतो, जड होतो, पण त्यातलं प्रोटीन तेवढंच राहतं. १०० ग्रॅम भातात ८ ग्रॅम प्रोटीन धरलं तर माणूस विनाकारण अर्धपोटी राहील. उलट कोणी वरणाच्या वाटीला 'पाणीच तर आहे' म्हणून एक ग्रॅम धरलं, तर खाली दडलेली डाळ हिशेबाबाहेर जाते.

आणखी एक समज मोडायला मला वेळ लागला. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं, ही युक्ती पोटॅशियम कमी करायची आहे. प्रोटीन त्याने जात नाही. डाळ रात्रभर भिजवून पाणी टाकलं तरी तिचं प्रोटीन डाळीतच राहतं.

पायरी ३: जुनं ताट एकदा मोजून पाहा

काय कमी करायचं हे मनाने ठरवू नका. नेहमीचं ताट आधी जसंच्या तसं मोजा. बाबांचं जुनं ताट असं होतं. तीन पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या, म्हणजे ९.९. वाटीभर घट्ट वरण, त्यात ३० ग्रॅम डाळ, म्हणजे ६.६. भात ५० ग्रॅम तांदळाचा, ४. वांग्याची भाजी १०० ग्रॅम, २. त्या भाजीत आईच्या हाताने पडलेलं १५ ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, ३.६. वाटीभर दही, ४. बेरीज ३०.१.

मला वाटलं होतं की डाळ दोषी निघेल. डाळ होतीच, पण सगळ्यात मोठा वाटा पोळ्यांचा निघाला. पोळीला आपण प्रोटीनमध्ये धरतच नाही. भाजीपेक्षा भाजीतल्या कुटाचं प्रोटीन जास्त निघालं, तेही मला नवीन होतं. आपल्या वऱ्हाडी हाताला कूट, सुकं खोबरं, खसखस, तीळ यांशिवाय भाजी भाजी वाटत नाही, आणि हे सगळं 'मसाला' या एका शब्दाखाली लपून जातं.

भाकरीबद्दलही सांगते. 'पोळी बंद करा, भाकरी खा, हलकी असते' असं सांगणारे खूप भेटतात. ज्वारीत प्रोटीन कणकेपेक्षा किंचितच कमी आहे. पण आमच्याकडची एक भाकरी ७० ग्रॅम पिठाची होते, म्हणजे ७ ग्रॅम. एवढ्यात छोट्या दोन पोळ्या बसतात. भाकरी खायला हरकत नाही, फक्त एक नग म्हणून मोजू नका, पीठ तोला.

गिरणीतून कणीक आणत असाल तर गव्हात काय मिसळलंय ते विचारा. विदर्भात सोयाबीन घरचंच असतं. मूठ-दोन मुठी गव्हात टाकून दळायची पद्धत आहे, 'ताकदीसाठी'. अशा कणकेला ११ चा आकडा लागू होत नाही. बाबांसाठी आम्ही निव्वळ गव्हाची कणीक वेगळ्या डब्यात ठेवतो.

पायरी ४: नवं ताट बांधा

बारा ग्रॅममध्ये काय काय बसतं? आमचं नेहमीचं ताट हे:

भात, ६० ग्रॅम तांदळाचा: ४.८
एक छोटी पोळी, २५ ग्रॅम कणकेची: २.८
वरण, १० ग्रॅम तूरडाळीचं: २.२
दुधीची भाजी, १५० ग्रॅम, कूट न घालता: १.५
सांबार, जिरं-मोहरी, मसाला मिळून: ०.५

एकूण ११.८. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये. तो शेवटचा अर्धा ग्रॅम मी प्रत्यक्ष तोललेला नाही. मसाल्याचं पान-दाणा मोजत बसण्यापेक्षा एक ठोक आकडा रोज धरते, म्हणजे शून्य धरायचा मोह होत नाही.

डाळ पूर्ण का नाही काढली, असं सगळे विचारतात. काढली तर भात वाढवता येईल हे खरं. पण मर्यादा कडक असली तरी शरीराला जे थोडं प्रोटीन मिळतं ते सगळ्या प्रकारचं मिळायला हवं. तांदळात जे घटक कमी पडतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी पडणारे तांदळात. दहा ग्रॅम डाळीने ही जोडी टिकते, आणि बाबांचं जेवणही वरणाशिवाय होत नाही.

आता या ताटाची दुसरी बाजू. प्रोटीन कमी केलं की उष्मांकही आपोआप घटतात. पोटात उष्मांक कमी पडले तर शरीर स्वतःचा स्नायू जाळतं, आणि त्या जळण्यातून युरिया वाढतो. ताटात कमी वाढूनही रक्तात जास्त दिसतं. म्हणून १२ च्या खाली जितकं जाऊ तितकं चांगलं, असं अजिबात नाही. बाबांना दिवसाला किलोमागे ३० च्या हिशेबाने १८०० उष्मांक लागतात, रात्रीच्या जेवणाला त्यातले ६००. वरच्या ताटात तेल-तूप न धरता साधारण ३५० भरतात. फोडणीचं तेल आणि भातावरचं तूप मिळून चार छोटे चमचे, म्हणजे २० ग्रॅम, यातून १८० येतात. उरलेल्या ७० साठी उन्हाळ्यात घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या, २० ग्रॅम, तळून. त्यांच्यात प्रोटीन नावालाच, एका ग्रॅमचा दहावा भागही नाही. या पापड्या आम्ही बाबांसाठी बिनमिठाच्या वेगळ्या घालतो. एकदा वर्षाच्या नेहमीच्या डब्यातल्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजले. पापड्यांमुळेच सुजले हे सिद्ध करता येणार नाही, पण तो डबा आता वरच्या फळीवर आहे.

मधुमेह असेल तर साबुदाणा आणि जास्तीचा भात साखर झटकन वाढवतात. औषधाचा डोसही जेवणाशी बांधलेला असतो, म्हणून हा भाग आहारतज्ज्ञांना विचारूनच बदलायचा.

पायरी ५: सगळ्यांच्या भांड्यातून पेशंटचा वाटा काढा

वेगळा स्वयंपाक रोज कोणी करत नाही. पाच जणांचं वरण एकाच कुकरमध्ये होतं. मग त्यात बाबांची १० ग्रॅम डाळ कुठली? हे जमलं की बाकी सोपं आहे.

रिकाम्या भांड्याचं वजन एकदाच करून झाकणावर मार्करने लिहून ठेवा. डाळ कच्ची तोलून घ्या. आमच्याकडे १५० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन ३३. वरण घोटून, फोडणी देऊन, उकळी येऊन पूर्ण झालं की भांड्यासकट तोला आणि भांड्याचं वजन वजा करा. समजा वरण ९०० ग्रॅम भरलं. ३३ ला ९०० ने भागून १०० ने गुणलं तर ३.६७ येतं, वर नेऊन ३.७. म्हणजे शंभर ग्रॅम वरणात ३.७ ग्रॅम प्रोटीन. बाबांना २.२ हवंय, तर वरण ५९ ग्रॅम.

भाताचंही तसंच. २५० ग्रॅम तांदळात २० ग्रॅम प्रोटीन. शिजून भात ७०० ग्रॅम झाला तर शंभराला २.९ धरा. ४.८ साठी १६५ ग्रॅम भात. पोळीला गोळा तोलायचा. ३०० ग्रॅम कणीक भिजवून ४८० ग्रॅम उंडा झाला असेल तर १ ग्रॅम कणकेला १.६ ग्रॅम उंडा. २५ ग्रॅम कणकेचा गोळा ४० ग्रॅमचा. हे एकदा बसलं की आईला काट्याकडे बघावं लागत नाही, हातालाच कळतं. तरी मी महिन्यातून दोनदा तिचा गोळा तोलून पाहते, कारण हात हळूहळू सैल होत जातो.

वरणात एक मेख आहे. डाळ तळाशी बसते आणि पाणी वर राहतं. न ढवळता वरून वाढलं तर ५९ ग्रॅममध्ये जेमतेम ग्रॅमभर येईल, तळातून वाढलं तर चार-पाच. आमच्याकडे काटा बरोबर होता, वजन बरोबर होतं, आणि तरीही आकडा चुकत होता. आई प्रेमाने बाबांना तळाचं घट्ट वाढायची. 'त्यांना पातळ वरण कसं द्यायचं, आजारी माणूस आहे.' तिच्या दृष्टीने पातळ वरण म्हणजे अपमान. आता वाढण्याआधी पळीने तळापासून ढवळायचं, आणि बाबांची वाटी सगळ्यांत आधी भरायची. उरलेलं वरण दुसऱ्या दिवशी आटवलं तर पुन्हा तोला, कारण पाणी उडालेलं असतं आणि शंभर ग्रॅममधलं प्रोटीन वाढलेलं असतं.

जे मोजता येत नाही त्याचं काय

बाहेरचं जेवण, लग्नातली पंगत, सावजीचा रस्सा. बाबांची पहिली तडजोड अशी होती: 'मटण नाही घेत, नुसता रस्सा घेतो.' रश्शात मटणाचा अर्क असतोच, शिवाय वाटणात सुकं खोबरं, खसखस, कधी दाणे. किती, हे आचाऱ्यालाही सांगता येणार नाही. मीठ तर वेगळंच. अशा पदार्थाला मी आकडा लावतच नाही, तो मोजण्याच्या बाहेर ठेवते. घरी करायचं तर वाटणाचा प्रत्येक घटक तोलता येतो, मग वाटीभर रस्साही बसवता येतो. पाटोडी रश्शातली पाटोडी मात्र निव्वळ बेसन आहे. ४० ग्रॅम बेसन म्हणजे ८.८, त्या रात्री पोळी, वरण आणि भाजी तिन्ही बाद, आणि भातही निम्माच.

संत्र्याबद्दल नागपुरात विचारणारच. प्रोटीनच्या हिशेबात संत्रं जवळजवळ काहीच नाही, पण त्यात पोटॅशियम आहे आणि त्याची मर्यादा वेगळी असते. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वर असेल तर हा प्रश्न प्रोटीनच्या तक्त्यावर सुटत नाही. फॉस्फरस आणि मिठाचंही तसंच.

पायरी ६: मोजणं बरोबर आहे का, ते लघवीला विचारा

वहीत ४० दिसतं म्हणजे पोटात ४० च गेलं असं नाही. खाल्लेल्या प्रोटीनचा नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात लघवीतून बाहेर पडतो. चोवीस तासांची लघवी जमा करून त्यातला युरिया नायट्रोजन तपासला तर दिवसात किती प्रोटीन खाल्लं ते काढता येतं. डॉक्टर ही तपासणी लिहून देतात. हिशेब असा: युरिया नायट्रोजनचे ग्रॅम, त्यात वजनाच्या ०.०३१ पट मिळवा, आणि बेरजेला ६.२५ ने गुणा. रिपोर्टमध्ये 'युरिया' लिहिलंय की 'युरिया नायट्रोजन' हे नीट पाहा. नुसता युरिया असेल तर आधी २.१४ ने भागायचं.

बाबांचा पहिला आकडा ६.१ आला. ६० किलोचे ०.०३१ पट म्हणजे १.८६. बेरीज ७.९६, गुणिले ६.२५, साधारण ५०. वहीत मात्र रोज ३९ किंवा ४०. दहा ग्रॅम कुठून आले? दोन आठवडे शोध चालला. एक भाग तळाच्या वरणाचा होता, तो वर सांगितला. दुसरा बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. संध्याकाळी फिरायला गेले की मूठभर फुटाणे. २५ ग्रॅम फुटाणे म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम, जवळजवळ अर्धं रात्रीचं जेवण. 'फुटाणे काय मोजायचे बापा,' म्हणाले.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ४.६ आलं. हिशेबाने ४० च्या जरासं वर. हा आकडा तेव्हाच खरा मानायचा जेव्हा लघवी पूर्ण चोवीस तासांची जमा झाली असेल आणि माणूस त्या दिवसांत ताप-जुलाबाने आजारी नसेल. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली धरायची. एकदा जरी बाटलीबाहेर गेली तरी आकडा कमी येतो आणि आपण उगाच खूश होतो. लघवीतून बरंच प्रोटीन जात असेल तर डॉक्टर हा हिशेब वेगळ्या पद्धतीने करतात.

दुसऱ्या बाजूची खूण म्हणजे वजन. दंड बारीक होणं, खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागणं, अंगरखा सैल होणं, हे दिसलं तर प्रोटीन किंवा उष्मांक कमी पडताहेत. पायावर सूज असेल तर वजनकाटा फसवतो. स्नायू गेलेले असतात आणि पाणी भरलेलं असतं, काट्यावर आकडा तोच. म्हणून आम्ही दर पंधरा दिवसांनी बाबांच्या दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजतो.

एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली तर दुसऱ्या दिवशी कापायचं नाही. वहीत खरा आकडा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ४०.

मागच्या आठवड्यात बाबांनी रात्री दही मागितलं. दोन चमचे, तोलून ३० ग्रॅम, म्हणजे १.२. ताट होतं ११.८ चं, बेरीज १३ झाली. भात १६५ चा १३० केला, त्याने एक ग्रॅम उतरला आणि बेरीज बारावर आली. कमी झालेल्या भाताच्या ४५ उष्मांकांसाठी उरलेल्या भातावर तुपाचा एक छोटा चमचा जास्त वाढला. बाबांनी दही भातात कालवलं, पोळी दुधीसोबत संपवली, आणि विचारलं, 'उद्या पोळी सोडली तर किती दही?' कागदावर मांडून दिलं: २.८ ला ४ टक्क्यांनी भागा, ७० ग्रॅम.